'केवळ' या एका शब्दाचं वजन: धन विधेयक, वित्तीय विधेयक आणि राज्यसभा



आपल्या भागातली तरुण मुलं भेटली की मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला असा, "सर, 2016 साली राज्यसभेत सरकारकडं बहुमत नव्हतं, मग आधारचा कायदा झाला कसा?" आणि दुसरा असा, "राज्याची सीमा बदलायची म्हणजे घटनादुरुस्ती लागणार, दोन तृतीयांश मतं लागणार, मग ते कधी होणार?" हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे. विधेयक कोणत्या जातीचं आहे, यावर राज्यसभेच्या हातात किती बळ राहणार ते ठरतं. आज तेवढंच बोलणार आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं छोटं उत्तर आधी देतो, म्हणजे मनातला घोळ जाईल. राज्याची सीमा बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. घटनेचं कलम 3 संसदेला साध्या कायद्यानं राज्याची हद्द वाढवायचा, कमी करायचा, बदलायचा अधिकार देतं. आणि कलम 4 स्पष्टच सांगतं की असा कायदा ही घटनादुरुस्ती धरायची नाही. 1956 साली चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तो राज्य पुनर्रचना कायद्यानं गेला. म्हणजे आपल्या घरादारावरून गेलेली रेघ संसदेच्या साध्या कायद्यानं ओढलेली आहे. म्हणून साध्या विधेयकाचा प्रवास कसा होतो, राज्यसभेत त्याचं काय होतं, हे आपल्याला नीट ठाऊक पाहिजे.

आता विधेयकांच्या जाती बघू. नेहमीचं साधं विधेयक दोन्हीपैकी कुठल्याही सभागृहात मांडता येतं. राज्यसभा ते बदलू शकते, फेटाळू शकते. दोन सभागृहांचं जमलंच नाही तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तिथं लोकसभेचे सदस्य संख्येनं जास्त, त्यामुळं पारडं तिकडं झुकतं. पण हा मार्ग क्वचितच वापरला गेलाय. संयुक्त बैठकीत आजवर तीनच विधेयकं मंजूर झाली: 1961 चं हुंडाबंदीचं, 1978 चं बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं आणि 2002 चं पोटा.

घटनादुरुस्ती विधेयकाचं वेगळं. तिथं प्रत्येक सभागृहानं स्वतंत्रपणे विशेष बहुमतानं ते मंजूर करावं लागतं आणि संयुक्त बैठकीची सोय नाही. राज्यसभेनं नाही म्हटलं की विषय संपला. तिथं ती लोकसभेच्या अगदी बरोबरीची आहे.

आणि तिसरं धन विधेयक, ज्याला आपण मनी बिल म्हणतो. ते फक्त लोकसभेत मांडता येतं. लोकसभेनं मंजूर केलं की राज्यसभेकडं येतं आणि राज्यसभेला मिळतात 14 दिवस. त्यात तिनं फक्त शिफारशी करायच्या. लोकसभेनं त्या घेतल्या तर घेतल्या, नाही घेतल्या तर विधेयक मूळ रूपात मंजूर. राज्यसभा 14 दिवस नुसती गप्प बसली तरीही विधेयक मंजूर झालं असंच धरतात. संयुक्त बैठकीचा प्रश्नच येत नाही, कारण नकार द्यायचा अधिकारच नाही.

म्हणजे घटनादुरुस्तीत राज्यसभा पुरी मालकीण आणि धन विधेयकात सल्ला देणारी पाहुणी. या दोन टोकांच्या मध्ये वित्तीय विधेयक बसतं, आणि सगळा गोंधळ तिथंच होतो.

त्यासाठी धन विधेयकाची व्याख्या बघू. कलम 110 मध्ये विषयांची यादी आहे. कर बसवणं किंवा रद्द करणं, सरकारनं कर्ज काढणं, भारताच्या संचित निधीत पैसे भरणं किंवा काढणं, एखादा खर्च त्या निधीवर टाकणं, आणि या विषयांना अनुषंगिक असलेल्या गोष्टी. संचित निधी म्हणजे केंद्र सरकारची मोठी तिजोरी, जिच्यात करांचा पैसा जातो आणि जिच्यातून संसदेच्या परवानगीनं खर्च होतो. पण यादीपेक्षा महत्त्वाचा आहे तिच्या आधी आलेला एक शब्द. विधेयकात 'केवळ' या विषयांच्याच तरतुदी असतील तर ते धन विधेयक. केवळ. या यादीतला विषय आहे आणि सोबत दुसराही काही आहे, तर ते धन विधेयक राहत नाही.

मग ते काय होतं? त्याचं उत्तर कलम 117 मध्ये आहे. यादीतला विषय आहे, पण बरोबर आणखीही काही आहे, असं विधेयक वित्तीय विधेयक होतं. त्याची सुरुवात धन विधेयकासारखी असते. राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि ते लोकसभेतच मांडावं लागतं. पण एकदा मांडलं की पुढचा सगळा प्रवास साध्या विधेयकासारखा. राज्यसभा बदलू शकते, फेटाळू शकते. कलम 117 मध्ये आणखी एक हलका प्रकार आहे. विधेयकानं तिजोरीतून खर्च होणार आहे, पण कलम 110 च्या यादीतला विषय त्यात नाही. ते कुठल्याही सभागृहात मांडता येतं, फक्त राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मंजूर करता येत नाही.

इथं नावाची एक फसगत होते, ती सांभाळा. दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर येणारं 'फायनान्स बिल' म्हणजे वित्त विधेयक वेगळं. ते करांचं असतं आणि सहसा धन विधेयक म्हणूनच जातं. कलम 117 चं वित्तीय विधेयक ही जात आहे, ते कुठल्या एका विधेयकाचं नाव नाही.

आता कुठलं विधेयक केवळ पैशाचं आहे हे ठरवणार कोण? कलम 110 म्हणतं, वाद झाला तर लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम. विधेयक राज्यसभेकडं जाताना आणि पुढं राष्ट्रपतींकडं जाताना त्यावर अध्यक्षांचं प्रमाणपत्र असतं की हे धन विधेयक आहे. त्या एका शेऱ्यानं राज्यसभेचं बळ पूर्ण ते शून्य होतं. म्हणून पहिल्या प्रश्नाकडं जाऊ.

आधारची कहाणी क्रमानं ऐका. डिसेंबर 2010 मध्ये त्या वेळच्या सरकारनं याच विषयावरचं विधेयक आणलं होतं. ते राज्यसभेत मांडलं होतं. राज्यसभेत मांडलं याचा अर्थच असा की ते धन विधेयक नव्हतं. अर्थविषयक स्थायी समितीनं त्यावर कडक आक्षेप घेतले आणि ते रेंगाळलं. सरकार बदललं. 3 मार्च 2016 ला नवं आधार विधेयक लोकसभेत आलं, आणि या वेळी धन विधेयक म्हणून. 11 मार्चला लोकसभेनं मंजूर केलं. 16 मार्चला ते राज्यसभेत चर्चेला आलं. राज्यसभेत विरोधकांची संख्या जास्त होती. त्यांनी जयराम रमेश यांनी मांडलेल्या पाच दुरुस्त्या मंजूर केल्या. पण लक्षात घ्या, धन विधेयक असल्यामुळं त्या दुरुस्त्या नव्हत्या, नुसत्या शिफारशी होत्या.

त्या पाचांतल्या तीन सांगतो. ज्याला आधारमधून बाहेर पडायचंय त्याला पडता यावं. माहिती उघड करण्याच्या निर्णयांवर देखरेख करणाऱ्या समितीत दक्षता आयुक्त किंवा महालेखापालांसारखा स्वतंत्र माणूस असावा. आणि कलम 57 काढून टाकावं. कलम 57 असं होतं की सरकारच नव्हे तर खासगी कंपनीसुद्धा करार करून ओळख पटवण्यासाठी आधार वापरू शकेल. त्याच दिवशी संध्याकाळी विधेयक लोकसभेत परत गेलं आणि पाचही शिफारशी फेटाळल्या गेल्या. 14 दिवसांची मुदत सोडा, काही तासांत विषय संपला.

आता 'केवळ' ही चाळणी तुम्हीच लावून बघा. सरकारचं म्हणणं कलम 7 वर उभं होतं. ते म्हणतं की संचित निधीतून मिळणारं अनुदान, लाभ किंवा सेवा हवी असेल तर आधारनं ओळख पटवावी लागेल. रेशन, गॅसचं अनुदान, शिष्यवृत्ती. पैसा तिजोरीतला, म्हणून हे धन विधेयक, असा युक्तिवाद. ठीक आहे, कलम 7 चा तिजोरीशी संबंध आहे असं घटकाभर धरू. पण सिम कार्ड विकणाऱ्या कंपनीनं तुमचा अंगठा घेणं, याचा तिजोरीशी काय संबंध? ओळखपत्र देणारं प्राधिकरण नेमणं, माहिती साठवणं, ती कधी उघड करायची, गुन्हे आणि शिक्षा, हे सगळं त्याच कायद्यात होतं. यादीतला एक विषय असणं आणि केवळ यादीतलेच विषय असणं, यातला फरक इथं डोळ्यांना दिसतो.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 26 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांनी चार विरुद्ध एक असा निकाल दिला. बहुमतानं म्हटलं की कलम 7 हा कायद्याचा गाभा आहे, बाकीचं त्याला अनुषंगिक आहे, म्हणून धन विधेयक म्हणून मंजूर होणं चालतं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी मात्र वेगळं मत दिलं. त्यांच्या मते कलम 7 लाभ मिळवण्याची अट घालतं, तिजोरीवर खर्च टाकत नाही, आणि असा कायदा धन विधेयक म्हणून नेणं ही घटनेशी केलेली लबाडी आहे. त्याच निकालात न्यायालयानं कलम 57 मधला खासगी संस्थांना करारावर आधार वापरू देणारा भाग रद्द केला. आठवलं का? जे राज्यसभेनं मार्च 2016 मध्ये काढायला सांगितलं होतं, त्यातला कळीचा तुकडा अडीच वर्षांनी न्यायालयानं काढला. मधल्या काळात बँकेत आणि मोबाइलच्या दुकानात लोकांनी अंगठे देऊन झाले होते. वरच्या सभागृहाचं ऐकून घेणं आणि त्याला अडवायचा अधिकार असणं, यातला फरक लोकांना किती महागात पडतो, ते यात दिसतं.

गोष्ट इथं थांबली नाही. 2017 च्या फायनान्स ॲक्टमध्ये सरकारनं अनेक न्यायाधिकरणांचे नियम, नेमणुका, मुदती बदलून टाकल्या होत्या, आणि तो कायदाही धन विधेयक म्हणून मंजूर झाला होता. त्यावरच्या रॉजर मॅथ्यू खटल्यात 13 नोव्हेंबर 2019 ला पाच न्यायाधीशांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, अध्यक्षांचा निर्णय अंतिम असला तरी न्यायालय तो तपासू शकतं. दोन, आधारच्या निकालात 'केवळ' या शब्दाचा अर्थ काय लावायचा याचा पुरेसा खल झालेला नाही, म्हणून हा प्रश्न सात न्यायाधीशांच्या मोठ्या पीठापुढं ठेवावा. म्हणजे 'अंतिम' म्हणजे न्यायालयाच्या पलीकडचं, असं आता म्हणता येत नाही.

हे झालं धन विधेयकाचं. आता आपल्याशी थेट जुळणारी बाजू, राज्याच्या हद्दीचं विधेयक. याचं नीट अभ्यासण्यासारखं उदाहरण म्हणजे तेलंगणा. आपले हैदराबादचे मराठी बांधव त्या घडामोडींच्या मध्येच होते.

कलम 3 प्रमाणं अशा विधेयकाला दोन गोष्टी लागतात. राष्ट्रपतींची शिफारस, आणि ज्या राज्याची हद्द बदलणार त्या राज्याच्या विधिमंडळाकडं मत मागवणं. मत मागवायचं, ते मानलंच पाहिजे असं नाही. हे न्यायालयानं 1959 साली बाबूलाल पराते खटल्यात सांगितलं, आणि तो खटला मुंबई राज्याच्या पुनर्रचनेचाच होता. मूळ प्रस्ताव विधिमंडळाकडं गेला होता तो वेगळा, आणि संसदेनं शेवटी केलं द्विभाषिक मुंबई राज्य. न्यायालय म्हणालं, संसदेनं विधेयकात बदल केला तरी पुन्हा विचारायची गरज नाही. आंध्र प्रदेशातही तेच झालं. जानेवारी 2014 मध्ये तिथल्या विधानसभेनं विभाजनाला विरोध करणारा ठराव केला, तरी विधेयक पुढं गेलंच.

हे विधेयक आधी राज्यसभेत मांडायचा विचार होता. पण त्यात पैशाच्या तरतुदी होत्या. राज्य फुटलं की तिजोरी, कर्ज, महसूल यांची वाटणी आलीच. म्हणून ते लोकसभेत न्यावं लागलं. 13 फेब्रुवारी 2014 ला ते लोकसभेत आलं, मिरपुडीचा फवारा उडाला तो दिवस. 18 तारखेला लोकसभेनं मंजूर केलं, 20 तारखेला राज्यसभेनं. धन विधेयक मात्र ते नव्हतं. राज्यसभेला ते अडवायचा, बदलायचा पूर्ण अधिकार होता.

अधिकार होता, पण वापरता आला का? विरोधी पक्षाला सीमांध्रासाठी विशेष दर्जा वगैरे गोष्टी हव्या होत्या. त्यांनी दुरुस्ती मंजूर केली असती तर विधेयक पुन्हा लोकसभेत गेलं असतं. आणि ते त्या लोकसभेचं शेवटचं अधिवेशन होतं, 21 फेब्रुवारीला संपणारं. विधेयक राज्यसभेत अडकून लोकसभा विसर्जित झाली असती तर ते रद्दच झालं असतं. म्हणून मधला मार्ग निघाला. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राज्यसभेत उभं राहून निवेदन केलं की उरलेल्या आंध्राला पाच वर्षं विशेष दर्जा मिळेल. दुरुस्ती न करता विधेयक मंजूर झालं. 2 जून 2014 ला तेलंगणा अस्तित्वात आलं. आणि विशेष दर्जा? तो कायद्याच्या कुठल्याच कलमात नव्हता. निवडणूक झाली, सरकार बदललं, 2016 साली केंद्रानं त्याऐवजी विशेष आर्थिक मदत देऊ असं सांगितलं, आणि 2018 मध्ये याच मुद्द्यावर तेलुगू देसम केंद्रातल्या आघाडीतून बाहेर पडली.

यातून एक गोष्ट गाठीला बांधा. सभागृहात दिलेलं आश्वासन आणि विधेयकात लिहिलेलं कलम यांची किंमत एक नसते. राज्यसभेचा अधिकार कागदावर पूर्ण असला तरी वेळेचं कोंडाळं आवळलं की तो आश्वासनावर भागवावा लागतो.

आणखी एक गंमत बघा. 5 ऑगस्ट 2019 ला जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक आलं ते आधी राज्यसभेतच मांडलं, तिथं मंजूर झालं आणि दुसऱ्या दिवशी लोकसभेत गेलं. तेलंगणाचं लोकसभेत आधी, काश्मीरचं राज्यसभेत आधी. दोन्ही कलम 3 चीच विधेयकं. म्हणजे पुनर्रचनेच्या विधेयकाची जात आधीपासून ठरलेली नसते, आत काय लिहिलंय त्यावरून प्रत्येक वेळी ठरवतात.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देता येतं. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो त्याच्या वाटेनं चालेल. पण हद्द बदलणारं विधेयक उद्या संसदेत आलं, कुठल्याही दोन राज्यांचं असो, तर ते असं चालेल. दोन तृतीयांश लागणार नाही, हजर राहून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत पुरेल. दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांना विचारतील, पण त्यांच्या नकारानं ते थांबणार नाही. राज्यसभेची संमती मात्र लागेल. त्याला धन विधेयक म्हणता येणार नाही, कारण गावं, मतदारसंघ, न्यायालयांचं अधिकारक्षेत्र, नोकरदारांची विभागणी हे सगळं त्यात येणार, आणि 'केवळ' या चाळणीतून ते खाली उतरणार नाही. राज्यसभेनं नाकारलं तर संयुक्त बैठकीची वाट उरते, कारण ही घटनादुरुस्ती नव्हे.

शेवटी, पुढं एखादं विधेयक वाचायला घ्याल तेव्हा कुठं बघायचं तेवढं सांगतो. संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकाची प्रत मिळते. पहिल्या पानावर क्रमांक असतो. लोकसभेत मांडलेल्या विधेयकाचा क्रमांक साध्या आकड्यांत असतो, राज्यसभेत मांडलेल्याचा रोमन आकड्यांत. रोमन आकडा दिसला की ते धन विधेयक नाही, हे तिथंच कळलं. मग मागच्या पानांवर जा. उद्देशांचं निवेदन, राष्ट्रपतींची शिफारस आणि वित्तीय ज्ञापन तिथं सापडतं. शिफारशीत कलम 117 लिहिलेलं बघून लगेच धन विधेयक समजू नका, कारण ती शिफारस दोन्ही जातींना लागते. खरी खूण अध्यक्षांचं प्रमाणपत्र. ते असेल तर कलमं एकेक करून वाचा आणि प्रत्येकापुढं लिहा: हे तिजोरीचं आहे, की तिजोरीच्या नावानं आलेलं दुसरंच काही? एका जरी कलमापुढं दुसरं उत्तर आलं, तर राज्यसभेला का वगळलं हा प्रश्न तुमच्या खासदाराला विचारायला तुमच्याकडं आधार आहे, कलमाच्या क्रमांकासकट.